चाळीस नग: एकाचे सहा तास, एकाचे दहा

वाचकाचं पत्र

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, सहा लेथ. पंप-व्हॉल्व्हचे बुश, फ्लँज असं टर्निंगचं काम करतो. कास्टिंग पार्टीचं, मजुरी आमची. सगळे कारागीर हजेरीवर, आठ तासांचे ६०० रुपये. एक तरुण टर्नर चाळीस बुश सहा तासांत उतरवतो. वडिलांच्या वेळेपासूनचे एक काका आहेत, त्यांना तेवढ्यालाच दहा तास लागतात. लेथही त्यांचा सगळ्यात जुना, त्यांना तोच लागतो. पैसे दोघांना सारखे, म्हणून तरुण कुरकुरतो, दुसरीकडे जाईन म्हणतो. मला वाटतं नगाला १५ रुपये दर लावून मोकळं व्हावं. मग नग कोणीही केला तरी मला १५ लाच पडेल, आणि सावकाशीचा तोटा ज्याचा त्याला. हिशेबनीस म्हणतात, हॅल्से नाहीतर रोवनची बोनस योजना घ्या. घरी बायको म्हणते, काकांच्या पोटावर पाय येईल असं काही करू नका. काय करावं?

एक वाचक, वडोदरा

उत्तर

त्या १५ रुपयांपासूनच सुरुवात करते. ती नगाची मजुरी झाली, नगाचा खर्च नव्हे. बुश लेथवर चढलेला असतो तोवर शेडचं भाडं, वीज, कर्जाचं व्याज, मशीनचा घसारा, सुपरवायझरचा पगार हे सगळं चालूच असतं. हा खर्च नगावर चालत नाही, तासावर चालतो. मजुरी नगावर आणलीत म्हणून तो नगावर येत नाही.

तुमचा ताशी खर्च किती, ते तुम्हीच काढायला हवं. एका महिन्याची मजुरी सोडून बाकी सगळी बिलं एकत्र करा आणि सहाही लेथ मिळून प्रत्यक्ष जेवढे तास चालले त्याने भागा. हजेरीचे तास धरू नका, लेथ फिरला ते तास धरा. समजा बिलं दीड लाखाची निघाली आणि लेथ हजार तास चालले, तर ताशी १५० रुपये. मी पुढे हाच आकडा वापरते. तुमचा वेगळा निघाला तर तो घालून हिशेब पुन्हा करा, पद्धत तीच राहील.

तुमच्या १५ रुपयांच्या दरात एक गोष्ट गृहीत आहे: नगाला १२ मिनिटं, म्हणजे चाळीस नगांना आठ तास. याला ठरीव वेळ म्हणू. आता तुम्हाला हवा तसा, खाली कसलीही हमी नसलेला नगाचा दर लावून बघा. चाळीस बुशांचे दोघांनाही ६०० रुपये. तरुणाने लेथ सहा तास अडवला, त्याचे ९००. एकूण १,५००, म्हणजे नग ३७ रुपये ५० पैशांना. काकांनी लेथ दहा तास अडवला, त्याचे १,५००. एकूण २,१००, नग ५२ रुपये ५० पैशांना. मजुरी पैशापैशाने सारखी, तरी नगामागे १५ रुपयांचा फरक. सावकाशीचा तोटा ज्याचा त्याला होत नाही. त्यातला मोठा वाटा तुमच्याच गल्ल्यातून जातो, फक्त तो मजुरीच्या रजिस्टरात दिसत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. तरुणाला ताशी १०० रुपये पडू लागले की मालकाच्या डोळ्यात ते खुपतं. तुमचं तसं होऊ देऊ नका. हा मुलगा ताशी सगळ्यात जास्त घेऊनही तुम्हाला सगळ्यात स्वस्त पडतो.

आता हिशेबनीसांच्या योजना. दोन्हींत ताशी ७५ रुपयांची हमी असते आणि ठरीव वेळेपेक्षा जितका वेळ वाचेल त्यावर बोनस मिळतो. हॅल्सेत वाचलेल्या वेळेच्या मजुरीतली साधारण निम्मी कारागिराला. तरुणाचे दोन तास वाचले, म्हणजे १५० रुपये. त्यातले ७५ त्याचे. सहा तासांचे ४५० आणि हे ७५, मिळून ५२५. रोवनमध्ये ठरीव वेळेचा जेवढा हिस्सा वाचला, तेवढाच हिस्सा प्रत्यक्ष कमावलेल्या मजुरीवर वाढवून मिळतो. आठातले दोन तास म्हणजे पाव. ४५० चा पाव ११२ रुपये ५० पैसे. मिळून ५६२ रुपये ५० पैसे. लेथचे ९०० धरले तर हॅल्सेत नग साधारण ३५ रुपये ६३ पैशांना पडतो आणि रोवनमध्ये ३६ रुपये ५६ पैशांना.

म्हणजे जलद कारागिरापुरतं बोलायचं तर हॅल्से तुम्हाला स्वस्त, नगाचा दर त्याला फायद्याचा आणि रोवन मधला. पण या तिन्हींत मिळून नगामागे दोन रुपयांचाही फरक नाही. तुमची काळजी सगळी या दोन रुपयांची आहे, आणि काका व तरुण यांच्यातल्या पंधरा रुपयांकडे अजून कोणी बघितलेलं नाही. म्हणून योजना निवडताना मी पैशापेक्षा दुसरं काही बघेन: ठरीव वेळ तुम्ही ठरवलीत कशी, आणि ती चुकली तर काय होईल.

तुमचं काम जॉबवर्कचं. आज बुश, परवा फ्लँज, आठवड्याने एखादा नवाच ड्रॉइंग. अशा ठिकाणी वेळ बऱ्याचदा अंदाजाने लावली जाते. समजा एखाद्या नव्या जॉबला तुम्ही आठ तास लावलेत आणि तो खरं तर दोन तासांचाच निघाला. नगाच्या दराने कारागीर दोन तासांत ६०० घेऊन जाईल. हॅल्सेने ३७५ घेईल. रोवनने २६२ रुपये ५० पैसे. रोवनमध्ये बोनस अर्धी वेळ वाचेपर्यंत वाढतो आणि तिथून पुढे उतरू लागतो. अर्ध्यावर हॅल्से आणि रोवन अगदी सारखे होतात. त्याच्या अलीकडे रोवन कारागिराला जास्त देतो, पलीकडे हॅल्से. रोवनमध्ये ताशी कमाई कधीही मूळ दराच्या दुपटीपर्यंत पोचत नाही. जेम्स रोवन यांनी १८९८ मध्ये ग्लासगोतल्या आपल्या जहाजांच्या इंजिनांच्या कारखान्यात ही रीत लावली. तिथेही ठरीव वेळ चुकण्याची धास्ती तुमच्यासारखीच होती.

रोवनचा एक दोष मात्र आधीच समजून घ्या. वरच्याच जॉबला सहा तास लावणाऱ्याला बोनस ११२ रुपये ५० पैसे, आणि दोन तासांत उडवणाऱ्यालाही तेवढाच. कारागिराला हे कळलं की तो विचारेल, मग मी धावायचं कशाला? तेव्हा त्याला खरं सांगायचं: इतकी वेळ वाचली याचा अर्थ ठरीव वेळच चुकली होती, आणि ती आपण पुढच्या खेपेला दोघांनी मिळून मोजू.

ठरीव वेळ कमी करण्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. फ्रेडरिक हॅल्से यांनी १८९१ मध्ये आपली योजना मांडली तीच या दुखण्यासाठी. नगाच्या दरावर कारागीर जास्त कमावू लागला की मालक दर कापतो. दोनदा कापला की कारागीर शहाणा होतो आणि हात आखडतो. मी एका शॉपचा खर्चाचा हिशेब बघत होते. तिथे चार टर्नरांचा रोजचा आकडा महिनाभर ३८ होता. सदतीस नाही, एकोणचाळीस नाही. एका दुपारी गेज शोधायला म्हणून एकाचं टूलचं कपाट उघडलं, तर खालच्या खणात कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेले अकरा तयार बुश. तेल लावून नीट ठेवलेले. दुसऱ्या दिवशीच्या ३८ मधले ते. त्याला काही बोलले नाही, कारण आदल्या वर्षी त्याच जॉबचा दर मालकाने दोनदा उतरवला होता. तुमच्या शॉपमध्ये वेगवेगळ्या हातांचे आकडे रोज एकसारखे येऊ लागले तर समजा की माणसं तुमच्या कात्रीला घाबरून काम करतायत.

म्हणून नियम कागदावर लिहून भिंतीला लावा: लेथ बदलला, टूल बदललं, फिक्स्चर नवं केलं किंवा ड्रॉइंग बदललं तरच ठरीव वेळ बदलेल, कारागीर जास्त कमावतो म्हणून नाही. नव्या जॉबच्या पहिल्या तीन खेपा वेळ कच्ची, चौथ्या खेपेपासून पक्की, असं आधीच सांगून ठेवलंत तर चुकलेली वेळ सुधारायला तुम्हालाही जागा राहते.

आणखी एक गोष्ट हिशेबनीसांना विचारा. तरुणाने सहा तासांत काम संपवलं, पुढच्या दोन तासांना लेथवर चढवायला काय आहे? ऑर्डर रांगेत असेल तर वाचलेल्या तासाला १५० रुपये वाचले असं म्हणता येतं, कारण त्या तासात दुसरा जॉब उतरतो. रांग नसेल तर भाडं आणि व्याज काही वाचत नाही, वाचते ती वीज आणि टूलची झीज. उलट मजुरी वाढते. हॅल्सेचे ५२५ दिलेत आणि उरलेले दोन तास तो हजेरीवर बसला तर आणखी १५०, म्हणजे दिवसाचे ६७५. आज त्याच दिवसाचे ६०० देता. मंदीच्या महिन्यात बोनस योजना सुरू करून पस्तावलेले मालक मी पाहिलेत. तुमच्याकडे डिलिव्हरी तुंबलेली असते का, की लेथ रिकामे राहतात? पत्रात ते नाही आणि निर्णय बराचसा त्यावर आहे.

आता काका. तुमच्या पत्नीचं म्हणणं कायद्यालाही धरून आहे. नगावर काम दिलं तरी ताशी किंवा रोजाच्या किमान वेतनाखाली मजुरी जाऊ देता येत नाही; १९४८ च्या किमान वेतन कायद्यात ते १७ व्या कलमात होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. नुसत्या नगाच्या दराने काकांचे आठ तासांत बत्तीस बुश होतात, म्हणजे ४८० रुपये, आजच्यापेक्षा १२० कमी. कुशल कामगाराचा सध्याचा सरकारी दर बघा आणि त्याखाली जात असेल तर फरक तुम्हालाच भरावा लागेल, हे धरून चला. काकांना पूर्ण हमी दिलीत तर नग ५२ रुपये ५० पैशांऐवजी ५६ रुपये २५ पैशांना पडतो. म्हणजे त्यांचे रोज १२० रुपये कापून तुमच्या हाती नगामागे पावणेचार रुपये येतात. एवढ्यासाठी वडिलांच्या वेळचा माणूस दुखावू नये असं मला वाटतं.

पण मला खरा प्रश्न वेगळाच पडला. दहा तासांना चाळीस म्हणजे नगाला १५ मिनिटं. ठरीव वेळेपेक्षा तीन मिनिटं जास्त. ही तीन मिनिटं काकांच्या हाताची आहेत की लेथची? जुन्या लेथच्या क्रॉस स्लाइडचा स्क्रू झिजला की हँडल उलट फिरवताना ते मोकळं फिरतं, स्लाइड जागची हलत नाही. मग डायलवर भरवसा ठेवता येत नाही. जाणता कारागीर शेवटचा कट थांबून थांबून घेतो, मायक्रोमीटर लावतो, पुन्हा थोडं घेतो, पुन्हा लावतो. तीन मिनिटं तिथेच जातात. "त्यांना तोच लागतो" असं तुम्ही लिहिलंय. कदाचित तो लेथ सांभाळून घेणारे शॉपमध्ये ते एकटेच उरले असतील.

हे तपासायला खर्च नाही. एक आठवडा दोघांचे लेथ बदला, जॉब तोच ठेवा, आणि प्रत्येक बॅचची सुरू-बंद वेळ कार्डावर लिहा. तरुण जुन्या लेथवर आठ-साडेआठ तासांवर आला आणि काका नव्यावर आठच्या आसपास आले, तर तुमची अडचण मजुरीची नव्हतीच. स्क्रू आणि नट बदलायची होती. काका नव्या लेथवरही दहाच तास लावत असतील तर मग हाताचा प्रश्न म्हणा. त्या आठवड्यात तरुणाला बोनस योजनेची गाजरं दाखवू नका, नाहीतर आकडे खरे येणार नाहीत.

हात सावकाशच निघाला तर लक्षात घ्या की हॅल्से किंवा रोवन काकांना काहीच देत नाही. दहाचे नऊ तास केले तरी बोनस शून्य, कारण तो आठच्या खाली उतरल्यावर सुरू होतो. अशा माणसांसाठी एमर्सनची रीत आहे: ठरीव कामाच्या दोन-तृतीयांशापासूनच थोडा थोडा बोनस सुरू होतो आणि पूर्ण काम झालं की मजुरीच्या वीस टक्क्यांपर्यंत जातो. काका आज ऐंशी टक्क्यांवर आहेत, म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून काहीतरी हाती येईल. मात्र ती लावायची तर सगळ्यांना लावावी लागेल आणि तुमचा खर्च वाढेल, म्हणून लेथ बदलून बघितल्याशिवाय तिच्याकडे जाऊ नका.

आणि रिजेक्शन मोजता का? तरुणाच्या चाळीसांतले तीन बुश गेजमध्ये बसले नाहीत आणि पार्टीने कास्टिंगचे नगामागे १२० रुपये डेबिट नोटने कापले, तर ३६० तिथेच गेले. चांगल्या ३७ नगांचीच मजुरी दिलीत तरी तो नग ४९ रुपयांवर जातो. काकांचे चाळीसच्या चाळीस पास होत असतील तर हमीसकट ५६ रुपये २५ पैसे. पंधरा-वीस रुपयांची वाटणारी दरी सातवर आली. वेगावर पैसे देऊ लागलात की रिजेक्शन वाढायची शक्यता असतेच, म्हणून बोनस फक्त गेज पास झालेल्या नगांवर, आणि गेज लावणारा माणूस त्या बॅचचा कारागीर नको. हे काम दिवसातून तासभर काकांना देता येईल. प्रत्येक नव्या बॅचचा पहिला नग त्यांनी तपासून पास करायचा. महाग कास्टिंगवर हा एक तास सहज वसूल होतो.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. पहिला आठवडा लेथ बदलून मोजणी. मग ज्या तीन-चार जॉबची ऑर्डर दर महिन्याला येते, त्यांची वेळ पक्की करून नगाचा दर, खाली ताशी ७५ ची हमी ठेवून. तिथे अंदाजाचा धोका नाही आणि तरुणाला ताशी १०० दिसले की तो जायचं नाव काढणार नाही. बाकीच्या बदलत्या जॉबना रोवन. सेटिंगची वेळ दोन्हीकडे वेगळी धरा आणि ती हजेरीने द्या, नाहीतर दहा नगांची बॅच कोणी घेणार नाही, सगळे शंभराची मागतील. वीज गेली, कास्टिंग उशिरा आलं, तर तो वेळ कार्डावर वेगळा टाका, ठरीव वेळेत कापू नका. सहा लेथवर एकदम लावू नका. दोन लेथवर एक महिना चालवा आणि महिनाअखेर मजुरी अधिक लेथचा खर्च, भागिले पास झालेले नग, हा एकच आकडा काढा.

काकांशी बोलणं मात्र मोजणीच्या आधी करा, आणि तुम्ही स्वतः करा, हिशेबनीसांकरवी नको. लेथ का बदलतोय ते सांगा, आणि मजुरी आहे त्याखाली जाणार नाही हेही त्याच वेळी सांगा. मग त्यांनाच विचारा, स्लाइडला किती ढिलाई आहे. त्यांना तो आकडा पाठ असेल.